काठासारखा

मास्तरांना लिहिलेली पहिली चिठ्ठी जेमतेम दोन ओळींची होती. ‘मास्तर, सोबतच्या साडीच्या काठाच्या रंगाचा ब्लाउजपीस घेऊन शिवावा. काठ आमसुली आहे. मापाचा ब्लाउज पिशवीत आहे.’ यात समजायला अवघड असं काय आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं. तिसरी चिठ्ठी पाठकोर दोन पानं झाली. हे सगळं त्या दोन ओळींची दोन पानं कशी झाली त्याबद्दल आहे.

साडी आईची. महेश्वरी. 1989 साली इंदूर, महेश्वर, ओंकारेश्वर अशी सहल झाली होती, तेव्हा महेश्वरच्या घाटावरून वर आल्यावर एका विणकराच्या घरातूनच तिनं ती घेतली. अंग रामा रंगाचं, म्हणजे निळ्या-हिरव्याच्या मधलं. काठ चार बोटं रुंद, दोन्ही कडांना जरीच्या बारीक रेघा आणि मध्ये दोन बोटांची साधी पट्टी. ही पट्टी म्हणजे आईच्या लेखी ‘काठाचा रंग’. साडीबरोबरचा मूळ ब्लाउज केव्हाच उसवून, पुन्हा शिवून, शेवटी चहाची भांडी धरायला गेला होता. आता भाचीचं लग्न डिसेंबरात होतं आणि आईला हीच साडी नेसायची होती. अटी दोनच. ब्लाउज काठासारखा हवा आणि तो मास्तरांच्याच हातचा हवा.

मास्तर साताऱ्याला असतात. आम्ही तिथं राहत होतो तेव्हापासून आईचे ब्लाउज ते शिवतात. पुण्याला येऊन आम्हाला अठरा वर्षं झाली, पण आईच्या मते पुण्यात ब्लाउज शिवत नाहीत, फक्त कापतात. त्यामुळे साताऱ्याला जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती पिशवी जाते, महिन्याभरानं कोणाच्या तरी हाती परत येते. मास्तरांच्या दुकानापासून चार पावलांवर मॅचिंगचं दुकान आहे, त्यामुळे कापड, अस्तर, हूक सगळं तेच आणतात. वर्षानुवर्षं हे सुरळीत चाललं होतं, कारण आईच्या बहुतेक साड्यांना काळा, लाल किंवा बाटली हिरवा यांतला एखादा ब्लाउज खपून जायचा.

महिन्याभरानं पिशवी आली. आत चॉकलेटी ब्लाउज. सुती, टू-बाय-टूचा, सुबक शिवलेला, हातशिलाई नजरेत न येणारी, पण चॉकलेटी. मी साडी शेजारी ठेवली. काठ जांभळट, ब्लाउज तपकिरी. आईनं दोन्ही हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाली, “बरोबर आहे की. काय वाईट आहे?”

मी म्हटलं, “आई, हा तपकिरी आहे.”

“काठही तपकिरीच आहे.”

तिचं वय तेव्हा त्र्याहत्तर. मला वाटलं, मास्तरांची चूक झाकायला बघतेय. मास्तरांबद्दल वाकडं बोललेलं तिला चालत नाही. मी वाद घातला नाही, पण मनात मास्तरांच्या नावावर एक चूक मांडून ठेवली.

नंतर विचार केला तेव्हा दोष माझ्या शब्दात दिसला. आमसुली म्हणजे नेमका कोणता? डब्यातलं सुकं आमसूल काळपट तपकिरी असतं. तेच पाण्यात भिजवलं की पाणी गडद लालसर जांभळं होतं. मी पाण्याचा रंग डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं होतं; मास्तरांनी डब्यातलं आमसूल वाचलं असणार. आपल्याकडची रंगांची नावं बहुतेक अशी खाण्याच्या नाहीतर झाडाफुलांच्या पदार्थांवरून आलेली आहेत आणि पदार्थाला एकच रंग कधीच नसतो. वांगी म्हणजे सालीचा रंग, हे सगळे धरून चालतात, पण भरताच्या वांग्याच्या सालीचा की काटेरी वांग्याच्या? डाळिंबी म्हणजे दाण्याचा की सालीचा? मेंदी म्हणजे पानाचा की हातावर रंगलेल्या मेंदीचा? चिंतामणी तर आणखी कठीण, कारण तो मणी कोणीच पाहिलेला नाही. माझ्या आत्याचा चिंतामणी निळा होता आणि मावशीचा हिरवा. समोर साडी असली की अशी नावं पुरतात, कारण बोट दाखवता येतं. चिठ्ठीत बोट नसतं.

खरं तर मास्तरांकडे साडीही होती. पण हे माझ्या लक्षात तेव्हा आलं नाही.

दुसऱ्या वेळी मी शब्दांच्या भानगडीत पडायचं नाही असं ठरवलं. साडी पुन्हा पाठवणं जिवावर आलं होतं. जुनी साडी, घड्यांवर विरायला लागलेली. म्हणून पदराच्या शेवटी ज्या दशा असतात, त्यांतली काठाच्या बाजूची एक दशी कापली आणि दोऱ्याची ती लड चिठ्ठीला टाचणीनं लावली. ‘मास्तर, या धाग्याशी तंतोतंत जुळणारं कापड घ्यावं.’ मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं. खुद्द काठाचा धागाच पाठवला म्हटल्यावर चुकणार काय?

या वेळचा ब्लाउज आला तो राणी रंगाचा. भडक, गुलाबी, नजर ठरू नये असा. मी फोन केला. आवाज चढला होता माझा. मास्तर शांतपणे म्हणाले, “ताई, धागा माझ्याकडं अजून आहे. कापडावर ठेवला तर दिसतसुद्धा नाही, इतका जुळलाय. पाठवून देऊ का परत?”

त्यांनी पाठवला. मी तो ब्लाउजवर ठेवला. खरोखर दिसेना. मग तोच धागा काठावर ठेवला, ज्या काठातून तो निघाला होता त्यावर, आणि तो लखलखीत गुलाबी होऊन वर उठून दिसला. काठाचा धागा काठाशीच जुळत नव्हता.

त्या दिवशी आईचं पोथी वाचायचं भिंग घेऊन मी खिडकीत बसले आणि पहिल्यांदा ती साडी नीट पाहिली. साडीत उभे धागे असतात ते ताण्याचे, मागावर आधी ताणून बसवलेले, साडीच्या लांबीभर जाणारे. आडवे धागे असतात ते बाण्याचे, धोट्यातून येणारे. या साडीचा ताणा रेशमाचा आहे आणि बाणा सुताचा. काठाच्या जागी ताण्यात राणी रंगाचं रेशीम बसवलं आहे, अंगाच्या जागी रामा. पण धोटा एकच. तो रामा रंगाचं सूत घेऊन या काठापासून त्या काठापर्यंत जातो आणि परत येतो. काठ आला म्हणून तो थांबत नाही. म्हणजे अंगात उभाही रामा, आडवाही रामा, म्हणून अंगाचा रंग निखळ. काठात मात्र उभा राणी आणि आडवा रामा. भिंगातून गुलाबी आणि निळ्या-हिरव्या ठिपक्यांची जाळी दिसत होती. भिंग बाजूला केलं, साडी हातभर लांब धरली की ते ठिपके एकमेकांत विरून जात आणि डोळ्याला दिसे तो वांग्याच्या सालीकडे झुकणारा, जरा मळकट, लालसर जांभळा.

तो रंग साडीत कुठेच नव्हता. कोणत्याही रंगाऱ्यानं तो कधीच भिजवला नव्हता. तो फक्त दोन रंगांच्या मध्ये, बघणाऱ्याच्या डोळ्यात होता.

आणि दशा म्हणजे काय, तर विणून झाल्यावर शेवटी उरलेला नुसता ताणा. त्यात बाणा नसतोच. मी मास्तरांना काठाचा अर्धाच भाग पाठवला होता आणि त्यांनी तो अर्धा भाग बिनचूक जुळवला होता. सगळ्याच साड्यांचं असं होत नाही. काही साड्यांत काठाला वेगळा धोटा असतो आणि काठाचा बाणा अंगाच्या बाण्याशी सांध्यावर अडकवून मागं वळवलेला असतो. तिथं काठ निखळ राहतो आणि दशीवरून रंग जुळवला तरी फसत नाही. आपली साडी कोणती, हे ओळखायला भिंग लागतंच असं नाही. काठ उजेडात आडवा-तिरपा करून पाहायचा. एका बाजूनं एक रंग आणि दुसऱ्या बाजूनं दुसरा डोकावला, तर त्यात दोन धागे आहेत. जुन्या बायका ज्याला धूपछाँव म्हणतात ते हेच. फक्त आपण ते साडीच्या अंगात शोधतो, काठात शोधत नाही.

मधल्या काळात मी फोटोही पाठवून पाहिला, हे कबूल करायला हवं. मास्तरांच्या नातवाच्या फोनवर. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत काठ निळसर आला, फ्लॅश टाकल्यावर विटकरी, आणि उन्हात काढला तेव्हा फोननं स्वतःच्या मर्जीनं सगळंच उजळ करून टाकलं. नातवानं लिहिलं, ‘यातला कोणता?’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग ऑगस्टमध्ये आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्याचं पुढच्या महिन्यात करायचं ठरलं. चौथ्या-पाचव्या दिवशी, डॉक्टरांनी काळा चश्मा काढायला सांगितल्यावर, ती घरभर हिंडत होती आणि मोठ्यानं एकेक वस्तू जाहीर करत होती. भिंत पांढरी आहे. बेसिनजवळचा मग निळा आहे, मला राखाडी वाटायचा. दुपारी तिनं कपाट उघडलं आणि मला हाक मारली. महेश्वरी पलंगावर पसरलेली होती.

“अगं, हा काठ जांभळा आहे.”

“मी काय सांगत होते?”

“नाही, तसं नाही. घेतली तेव्हा हा असाच होता. मी विसरूनच गेले होते. मग कधी तपकिरी झाला?”

तिनं डावा डोळा हातानं झाकला, काठाकडे पाहिलं. मग उजवा झाकला. पुन्हा डावा. लहान मूल खेळतं तसं तिनं ते कितीतरी वेळा केलं. मग मला म्हणाली, तो मास्तरांचा पहिला ब्लाउज आण. चॉकलेटी ब्लाउज काठाशेजारी ठेवला. उजवा डोळा झाकून, म्हणजे अजून ऑपरेशन न झालेल्या डोळ्यानं, ती म्हणाली, “जुळतोय.” डावा झाकून म्हणाली, “अजिबात नाही.”

डॉक्टरांना पुढच्या तपासणीत विचारलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. डोळ्यातलं भिंग वयानुसार पिवळट, पुढे तपकिरी होत जातं आणि उजेडातला निळा भाग अडवू लागतं. निळा मेला की जांभळ्यात उरतो तो लाल, आणि तोही पिवळ्या काचेतून पाहिल्यासारखा, म्हणून तपकिरी. हे इतकं हळूहळू होतं की माणसाला बदल कळत नाही, पिवळटलेलंच पांढरं वाटू लागतं. एका डोळ्याचं ऑपरेशन होऊन दुसऱ्याचं बाकी असतं तेवढ्या काही आठवड्यांतच दोन्ही रंग एकाच माणसाला शेजारी शेजारी दिसतात.

घरी येताना रिक्षात आई गप्प होती. मग म्हणाली, “मास्तर माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आहेत.”

तेव्हा मला उलगडलं. पहिल्या वेळी मास्तरांकडे साडी होती. त्यांनी ‘आमसुली’ या शब्दावर कापड घेतलं नव्हतं. त्यांनी साडी काउंटरवर पसरली असणार, ताग्यांमागून तागे काढायला लावले असणार, आणि त्यांच्या डोळ्यांना जे तंतोतंत जुळत होतं ते घेतलं. आईलाही ते जुळलेलंच दिसलं होतं. त्या दोघांपुरतं ते जुळलेलंच होतं. मी ज्याला आडमुठेपणा आणि हयगय समजत होते, ते दोन म्हाताऱ्या माणसांनी डोळ्यांना दिसलं ते खरं सांगणं होतं.

आता तिसरी चिठ्ठी. यात रंग सांगायचा होता, पण अशा रीतीनं की तो ओळखायला मास्तरांच्या डोळ्यांवर भार पडू नये. आणि ते त्यांना जाणवू नये. पन्नास वर्षं रंग जुळवलेल्या माणसाला ‘तुम्हाला रंग दिसत नाही’ असं कसं लिहायचं?

दोन धाग्यांनी इथं मदत केली. काठाचा रंग एका रंगाच्या कापडात मिळणारच नाही, हे आता माहीत होतं. वाइन म्हणून मिळणारं कापड जवळपास जाईल, वांगीही जाईल, पण ती एकाच उजेडात जुळतात. काठातलं रेशीम एका रंगात भिजलेलं, सूत दुसऱ्या, दुकानातलं कापड तिसऱ्याच. ट्यूबलाइटच्या उजेडात ते एक दिसले तरी उन्हात फाकतात, कारण प्रत्येक रंगातली द्रव्यं वेगळी आणि प्रत्येक दिव्याचा उजेडही वेगळा. त्यापेक्षा काठ जसा बनला आहे तसंच बनलेलं कापड घ्यावं: उभा धागा राणी, आडवा रामा. मॅचिंगच्या दुकानात असं कापड टू-टोन म्हणून मिळतं, आणि ते विकत घेताना मिश्र रंग ओळखायची गरज नसते. कापडाच्या कापलेल्या कडेला एक उभा आणि एक आडवा धागा सुईनं ओढायचा आणि दोन्ही वेगवेगळे बघायचे. राणी आणि रामा हे इतके दूरचे रंग आहेत की पिवळटलेल्या डोळ्यालाही एकमेकांसारखे दिसत नाहीत.

मी दोन धागे काढले. एक दशीतला, राणी. दुसरा मिळवायला साडीला धक्का लावावा लागला. पदराच्या टोकाला शेवटचा आडवा धागा हळूच सोडवून घेतला, बोटभर. दोन्ही पांढऱ्या कागदावर चिकटवले, एक उभा आणि एक आडवा, अधिकच्या खुणेसारखे. आणि मग लिहायला बसले.

‘मास्तर, स. न. वि. वि.

मागच्या दोन्ही वेळी चूक माझी होती. या काठात दोन धागे आहेत, मी तुम्हाला आधी एकही सांगितला नाही आणि नंतर एकच पाठवला. तुम्ही धाग्याशी जुळवलेला ब्लाउज अगदी बरोबर होता.

या वेळी एका रंगाचं कापड नको. टू-टोन रेशीम घ्यावं, उभा धागा राणी, आडवा रामा. कागदावर दोन्ही चिकटवले आहेत. कापडाच्या कडेचे धागे ओढून या दोन्हींशी पडताळावेत. एकत्र दिसणारा रंग पाहायची गरज नाही, तो आपोआप येईल.

पडताळताना दुकानाच्या दारात यावं, सावलीत, सकाळी अकरा ते चारमधे. दिव्याखाली नको. ताग्यावर ठेवून बघू नये, घड्यांवर घड्या असल्या की कापड आहे त्याहून गडद दिसतं. एक पदर उलगडून, खाली अस्तर ठेवून बघावं. अस्तर वांगी रंगाचं आणि आधी भिजवून घ्यावं.

कापताना सगळे तुकडे एकाच दिशेनं घालावेत. उभा राणी धागा अंगावरही उभा आला पाहिजे, कारण खांद्यावरून येणारा काठ उभाच असतो. बाह्याही तशाच. कटोरी नको, साधे टक्स घालावेत. कटोरीला कापड उरेब पडलं तर तेवढा भाग वेगळ्याच रंगाचा दिसेल. दुकानात उलटं कापड मिळालं, म्हणजे उभा रामा आणि आडवा राणी, तर तेही चालेल, पण मग आडवं घालून कापावं लागेल. त्यासाठी मीटरऐवजी सव्वा मीटर घ्यावं.’

कापण्याचा हा भाग मी आगंतुकपणे लिहिला, कारण तो मास्तरांचा प्रांत. पण टू-टोन कापडात तो खरोखर रंगाचाच भाग असतो. रेशीम ज्या दिशेनं जातं त्या दिशेनं उजेड परतवतं. एकाच ताग्यातले दोन तुकडे, एक उभा आणि एक आडवा धरले, तर शेजारी शेजारी दोन वेगळे रंग दिसतात. ब्लाउज शिवून आल्यावर एक बाही वेगळी दिसली तर कापड बदललं असा संशय येतो. बहुतेक वेळा कापड तेच असतं, कापड वाचवायला बाही आडवी काढलेली असते.

शेवटी मी घुटमळले. डोळ्यांचं काय? मी लिहिलं, ‘जमल्यास सूनबाईंनाही दारात बोलावून दाखवावं, बायकांना पदरावर घेऊन बघायची सवय असते.’ मला वाटलं हे फार छान साधलं. मग आईला चिठ्ठी वाचून दाखवली.

ती म्हणाली, “हे शेवटचं काय?”

मी कारण सांगितलं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून.

“त्यांना काय वाईट वाटायचंय? इकडे दे.” तिनं पेन घेतलं. ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते, अक्षर जरा वर-खाली गेलं, पण तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं: ‘मास्तर, मला मोतीबिंदू होता. तुमचा पहिला ब्लाउज मला काठासारखाच दिसला होता. आता एक डोळा केला आणि काठ जांभळा निघाला. तुम्हीपण डोळा दाखवून घ्या. आपलं वय झालं. कापड सुनेला दाखवा.’

मी माझी ओळ खोडली. तिची ठेवली.

पिशवी गेली. या वेळी साडीही पाठवली, आई म्हणाली विरली तर विरू दे. दिवाळीच्या आधी ब्लाउज आला. मी तो पहिल्यांदा खिडकीत नेला, मग ट्यूबलाइटखाली, मग बाल्कनीत. काठ जिकडे वळला तिकडे ब्लाउज वळला. उन्हात दोघेही गुलाबीकडे गेले, सावलीत दोघेही वांग्याकडे. फरक एकच राहिला, आणि तो जाणार नव्हता. काठाचा बाणा सुताचा आहे आणि ब्लाउजचे दोन्ही धागे रेशमाचे. त्यामुळे ब्लाउज काठापेक्षा थोडा जास्त चमकतो. रंग तोच, पण चमक नवी. रेशीम ताणा आणि सुती बाणा असं नेमकं राणी-रामा कापड मागावर मुद्दाम विणून घेतलं असतं तरच ते गेलं असतं.

पिशवीत उरलेलं कापड होतं, वीतभर, आणि आमच्या चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या जागेवर मास्तरांचं उत्तर. ‘वहिनींना नमस्कार. कापड उलटंच मिळालं. आडवं घालून कापलं. सव्वा मीटर पुरलं. सुनेला दाखवलं, ती म्हणाली बरोबर. मला अजून तपकिरीच दिसतो.’

लग्नाच्या दिवशी संध्याकाळी कार्यालयात पिवळे दिवे होते. आईचा डावा डोळाही तोवर झाला होता. ती साडी नेसून आरशासमोर उभी राहिली, पदर खांद्यावर घेतला, काठ ब्लाउजच्या बाहीवर आला. पिवळ्या उजेडात दोन्ही जरा तपकिरी दिसत होते.

“मास्तरांना असा दिसतो,” ती म्हणाली आणि पदराला पिन लावायला लागली.